लोणचं विकायला काढताय? आधी बरणी, मग ग्रुप

गेल्या चार उन्हाळ्यांत मला सगळ्यात जास्त आलेला निरोप असा: "ताई, मी ग्रुपवर लोणच्याची पोस्ट टाकली, चाळीस जणींनी हात वर केले. आता पुढे काय करू?" पुढे काय करायचं यापेक्षा मागे काय राहिलं, हा खरा प्रश्न असतो. पोस्ट हे शेवटून दुसरं काम आहे. माझ्याही हातून पहिल्या वर्षी हाच उलटा क्रम झाला. सोसायटीच्या ग्रुपवर कैरीच्या लोणच्याचा फोटो टाकला आणि दुपारपर्यंत "मला पण 1", "आमच्या दोन", "नणंदेला पण हवी" अशी रांग लागली. बरण्या होत्या चौदा, मागण्या झाल्या तेवीस, आणि कुणाची मागणी आधी आली हे संध्याकाळी वर-खाली स्क्रोल करून शोधत बसले. त्यात दोघींनी आपले मेसेज पुसले होते. ज्यांना मिळालं नाही त्यांतल्या एक काकू अजून लिफ्टमध्ये भेटल्या की भिंतीकडे बघतात.

म्हणून हा क्रम. फक्त तेलातल्या कैरीच्या लोणच्यापुरता लिहिते आहे, कारण सुरुवात बहुतेक जणी त्यानेच करतात आणि चुकाही त्यातच जास्त होतात.

1. पहिली खेप विकायची नाही

घरी लोणचं वीस वर्षं घालत असाल, तरी विकायचं लोणचं वेगळं. घरच्या बरणीवर तुमचं लक्ष असतं. तेल कमी वाटलं की वरून घालता, ओला चमचा कुणी घातला की ओरडता. विकलेली बरणी दुसऱ्याच्या ओट्यावर गॅसशेजारी बसते आणि तिच्यात रोज कुणाचा तरी हात जातो. ती तशीही टिकली पाहिजे.

पहिली गोष्ट, "अंदाजे" बंद. मीठ मुठीने नाही, वजनकाट्यावर. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या. माझं एका खेपेचं माप हे आहे:

- कैरीच्या फोडी 5 किलो (साधारण 7 किलो कैरीतून निघतात)
- मीठ 800 ग्रॅम
- मोहरीची डाळ 350 ग्रॅम
- लाल तिखट 300 ग्रॅम
- हळद 75 ग्रॅम, मेथी 50 ग्रॅम, हिंग 40 ग्रॅम
- शेंगदाणा तेल 1 किलो 300 ग्रॅम

तुमच्या घरची चव वेगळी असेल, मसाला बदला. मीठ मात्र फोडींच्या वजनाच्या पंधरा टक्क्यांखाली आणू नका. "कमी मिठाचं करा ना" असं सांगणारं गिऱ्हाईक हमखास भेटतं. त्याला फ्रिजमध्ये ठेवायचं, पंधरा दिवसांत संपवायचं ताजं लोणचं द्या आणि त्यावर तसं लिहा. तेच माप वर्षभराच्या बरणीत गेलं की पहिल्या पावसात बुरशी.

कैरी राजापुरी किंवा चांगली आंबट गावठी, कडक, बाठ तयार झालेली. पाऊस पडून गेल्यावरची कैरी स्वस्त मिळते, पण ती पाणचट असते आणि फोड महिन्याभरात लिबलिबीत होते. कैऱ्या धुऊन कोरड्या पुसा, मगच अडकित्त्यावर फोडा. बाजारातून फोडून आणत असाल तर फोडणाऱ्याच्या पाटावरचं पाणी आणि माती घरी येते. घरून पुसलेल्या कैऱ्या आणि स्वतःचं पातेलं घेऊन जा. आतली कोय आणि तिच्याभोवतीचा पातळ पापुद्रा काढून टाका, तो काळा पडतो.

आता क्रम. फोडींना आधी नुसतं मीठ चोळून रात्रभर झाकून ठेवा. हळद अजून नाही. याचं कारण पुढच्या तपासणीत आहे. सकाळी पातेल्यात पाणी सुटलेलं दिसेल. ते फेकू नका, तोच खार. मग मसाला कालवा. तेल कडकडीत तापवून फोडणी करा आणि ती पूर्ण गार झाल्यावरच घाला. घाईने कोमट फोडणी ओतली तर फोडी शिजल्यासारख्या होतात आणि झाकणाला आतून घाम येतो. तो घाम म्हणजे वरच्या थरावर पडलेलं पाणी, आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

> तपासणी: आंबटपणा पीएच पट्टीवर मोजा. पाकीट प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. पट्टी मिठाने सुटलेल्या पाण्यात बुडवा, मसाला घालण्याआधी. हळद-तिखट पडलं की पट्टीच पिवळी-लाल होते आणि रंग वाचता येत नाही. सुरक्षिततेची रेघ 4.6 ची आहे, आकडा त्याच्या खाली हवा. मसाल्याने तो थोडा वर सरकू शकतो, म्हणून मी 4 च्या वर गेलेली खेप विकत नाही. चांगली आंबट कैरी सहज याच्या बरीच खाली राहते.

> सावधान: "कैरीचं जमलं, आता लसणाचं करते" ही दुसऱ्या महिन्यातली उडी असते. लसूण स्वतः आंबट नाही. तेलाखाली हवा नसते, आणि आंबटपणा कमी असेल तर तिथे बोटुलिझमचे जंतू वाढू शकतात. त्याचं विष वासाने किंवा चवीने ओळखू येईलच असं नाही. लसणात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पाकळीच्या आतपर्यंत मुरलं पाहिजे. मुरलेली पाकळी वाटून मोजल्याशिवाय ते लोणचं विकू नका.

2. तीन बरण्यांची परीक्षा

पहिल्या खेपेतल्या तीन बरण्या बाजूला काढा. बाकीचं घरी खा, माहेरी द्या.

पहिली बरणी बंद, अंधाऱ्या कपाटात. हिला हात लावायचा नाही, महिन्यातून एकदा बाहेरून बघायची. फोडी तेलाच्या वर आल्यात का, तेलाची पातळी उतरली का, काचेला आतून बुडबुडे चिकटलेत का.

दुसरी जेवणाच्या टेबलावर. रोज उघडायची, घरातल्या सगळ्यांनी वाढून घ्यायचं, मुलांनासुद्धा अडवायचं नाही. गिऱ्हाइकाच्या घरी तुमच्या बरणीचं हेच होणार आहे. वर पांढरी साय आली किंवा तेलाला खवट वास आला तर तो कितव्या दिवशी, ते वहीत लिहा.

तिसरी पिशवीत घालून आडवी, दोन दिवस. मग दोन दिवस उलटी. पिशवीला तेल लागलं तर ते झाकण बाद. माझ्या पहिल्या पार्सलांत ही परीक्षा राहिली होती. मावसबहिणीकडे खोका पोचला तो खालून तेलकट, आणि आतल्या साडीच्या पाकिटाचीही वाट लागलेली. लोणचं फुकट गेलं, साडीचे पैसे मी भरले.

"किती महिने टिकेल" याचं उत्तर या बरण्या देतात. टेबलावरची बरणी तीन महिने निर्धोक राहिली असेल तर लेबलवर तीनच महिने लिहा. आजीचं लोणचं दोन वर्षं टिकायचं, ते खरंच असेल. पण ती बरणी दादरा बांधून कोठीत असायची आणि किल्ली आजीच्या कनवटीला.

3. किंमत: सामानाच्या बेरजेवर थांबू नका

इथे जवळजवळ सगळ्याच जणी चुकतात, आणि दोन-तीन महिन्यांनी "फार दमायला होतं, परवडत नाही" म्हणून बंद करतात. वरच्याच खेपेचा माझा हिशेब देते. दर तुमच्या बाजाराचे घाला, पद्धत हीच ठेवा.

कैरी 7 किलो, 60 रुपयांनी 420. फोडणावळ 105. मीठ 20, मोहरीची डाळ 84, तिखट 120, हळद 21, मेथी 6, हिंग 52, तेल 260. सामान झालं 1,088 रुपयांचं. सगळ्याची बेरीज आठ किलोच्या जवळ जाते, पण पातेल्याला, झाऱ्याला, चाखायला जाऊन हाती साडेसात किलो येतं. म्हणजे अर्ध्या किलोच्या पंधरा बरण्या.

पहिल्या वर्षी मी इथेच थांबले. 1,088 भागिले 15, म्हणजे बरणीला जेमतेम 73 रुपये. 150 ला विकली म्हणजे दुप्पट झाले की, असं वाटलं होतं. आता उरलेलं बघा.

रिकाम्या बरण्या 15, प्रत्येकी 18, म्हणजे 270. लेबलं 60. गॅस, साबण, पुसायची फडकी 80. एक बरणी नमुना म्हणून घरी राहते (का, ते सहाव्या टप्प्यात), म्हणून विकायला 14. त्यांचे खोके, बबल रॅप, चिकटपट्टी प्रत्येकी 22, म्हणजे 308. आतापर्यंत खिशातून गेले 1,806. चौदा बरण्या 150 ने विकून आले 2,100. उरले 294. आणि माझे तास? बाजार, पुसणं, कालवणं, भरणं, लेबलं, ऑर्डरी, बांधणं मिळून नऊ. म्हणजे तासाला 33 रुपयांनी मी घाम गाळत होते, तेही मे महिन्यात.

स्वतःचा तास 80 रुपये धरला तर 720 वाढतात. एकूण 2,526, भागिले 14, म्हणजे बरणीला 180. फुटलेली, परत आलेली, बदलून दिलेली धरून आणखी दहा. 190 ही माझी पडती किंमत. मी 250 ला विकते, कुरियर वेगळं. मधले साठ रुपये पुढच्या खेपेची कैरी घ्यायला लागतात, कारण कैरीवाला उधार देत नाही.

> तपासणी: ओळखीच्यांना "घरचीच आहेस" म्हणून सूट द्यायची असेल तर आकडा आधी ठरवा आणि तो पडत्या किमतीच्या खाली नेऊ नका. सुरुवातीची निम्मी गिऱ्हाइकं घरचीच असतात.

4. नोंदणी आणि लेबल

"घरातून चार बरण्या विकायला कसली आलीय परवानगी?" लागते. विकायचं खाणं घरात बनवलं तरी एफएसएसएआयची नोंदणी हवी. छोट्या घरगुती उद्योगासाठी मूळ नोंदणी असते. ती `foscos.fssai.gov.in` या संकेतस्थळावर स्वतः करता येते. फोटो, ओळखपत्र आणि घराचा पत्ता हाताशी ठेवा. मी केली तेव्हा शुल्क वर्षाला 100 रुपये होतं. त्याच कामाचे एजंट हजार-दोन हजार मागतात. फॉर्म भरायला एक दुपार जाते, कठीण काही नाही. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो लेबलवर छापायचा.

लेबलवर हे हवंच: पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त ते आधी), निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, खेप क्रमांक, शाकाहाराचा हिरवा ठिपका, नोंदणी क्रमांक, सर्व करांसह कमाल किंमत, तुमचं नाव, पत्ता, फोन. पोषणमूल्यांचा तक्ता तुम्हाला लागतो की सूट आहे, ते नोंदणी करतानाच विचारून घ्या. घटकांत "खाद्यतेल" लिहून मोकळ्या होऊ नका, "शेंगदाणा तेल" असंच लिहा. काहींना शेंगदाण्याची ॲलर्जी असते. "औषधी", "पचन सुधारतं", "साखर वाढत नाही" असलं काही लिहायचं नाही.

लेबल तेलाने पुसलं जातं. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेली माझी पहिली लेबलं चार दिवसांत निळी ओघळ झाली होती. लॅमिनेशन केलेलं स्टिकर छापून घ्या, तारीख आणि खेप पक्क्या शाईच्या मार्करने हाताने लिहा.

> सावधान: परराज्यातल्या गिऱ्हाइकाला लोणचं विकायचं असेल तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो. राज्यातल्या राज्यात मिळणारी उलाढालीची सूट तिथे चालत नाही. "बंगळुरूला भाचीच्या ऑफिसात दहा बरण्या हव्यात" असा फोन आला तर हो म्हणण्याआधी सीएला विचारा.

5. भरणं: इथे घाई केली की सगळं पाण्यात

बरण्या काचेच्या, नव्या. साबणाने धुऊन, गरम पाण्यातून काढून, मग पूर्ण वाळवायच्या. उन्हात दिवसभर, किंवा ओव्हनमध्ये 110 अंशांवर वीस मिनिटं. बरणी कोरडी दिसते, पण तळाच्या कडेला थेंब राहतो. टिश्यू पेपर काडीला गुंडाळून आत फिरवा. ओला आला तर परत वाळवा.

झाकण आतून लायनर असलेलं प्लास्टिकचं. नुसतं पत्र्याचं झाकण मीठ आणि आंबट मिळून महिन्याभरात गंजवतात, आणि तो गंज लोणच्यात उतरतो. जुन्या जॅमच्या बरण्या घरी वापरा, विकायला नाही.

लोणचं निदान तीन-चार आठवडे मोठ्या बरणीत मुरू द्या, मग लहान बरण्यांत भरा. आधी भरलं तर फोडी खाली बसतात, खार वर येतो आणि बरणी अर्धी रिकामी दिसते. "कमी भरलंय" ही तक्रार यातूनच येते. भरताना कोरड्या लांब चमच्याने फोडी हलक्या दाबा आणि काडी कडेने फिरवून अडकलेली हवा काढा. काट्यावर बरणीचं वजन शून्य करून मगच भरा. 500 लिहिलंय तर 500 भरलंच पाहिजे.

आता झाकण लगेच लावू नका. स्वच्छ कापड बांधून एक रात्र ठेवा. सकाळी तेल एक बोटभर उतरलेलं दिसेल, कारण बुडबुडे वर आलेले असतात. गरम करून गार केलेलं तेल वरून घाला. फोडींच्या वर निदान अर्धा सेंटिमीटर तेल हवं आणि तेलाच्या वर झाकणापर्यंत एक सेंटिमीटर मोकळी जागा. जागा ठेवली नाही तर कुरियरच्या तापलेल्या गाडीत तेल फुगतं आणि झाकणातून वाट काढतं. बरणीचं तोंड आणि आटे कोरड्या कापडाने पुसा, मग झाकण. आट्यांना तेल राहिलं तर झाकण कितीही आवळा, घसरतं.

> तपासणी: भरलेल्या बरण्या वर्तमानपत्रावर चोवीस तास आडव्या ठेवा. ज्या बरणीखाली डाग, ती पुन्हा उघडून पुसायची.

6. खेपेची वही

पानाच्या वर खेप क्रमांक. मी तारखेवरून लिहिते: 12 मेला घातलेली पहिली खेप म्हणजे 1205-1. खाली कैरी कुठून घेतली, तिखट कुठल्या पाकिटातलं, पट्टीचा आकडा, भरल्याची तारीख, किती बरण्या, आणि कुठली बरणी कुणाकडे गेली. त्याच खेपेची एक बरणी लेबल लावून घरी. मुदत संपेपर्यंत ती विकायची नाही, कितीही आग्रह झाला तरी. तक्रार आली की आधी तीच उघडायची असते.

7. आता ग्रुप

बरण्या भरलेल्या, मोजलेल्या, आडव्या ठेवून पाहिलेल्या आहेत. आता फोन हातात घ्या.

वेगळं सिम आणि व्हॉट्सॲप बिझनेस. घरच्या नंबरवर विकायला लागलात तर मुलाच्या शाळेचे निरोप आणि लोणच्याच्या ऑर्डरी एकाच रांगेत येतात, आणि चुकतं ते शाळेचं. बिझनेस ॲपमध्ये कॅटलॉगला फोटो आणि किंमत लावता येते. "पैसे आले", "पाठवलं", "पोचलं" अशी लेबलं चॅटला देता येतात. एवढं पुरतं.

सोसायटी, भिशी, माहेरचा ग्रुप, कुठेही टाकण्याआधी ॲडमिनला वेगळा निरोप करून विचारा. "टाकू का?" एवढंच. बहुतेक हो म्हणतात. न विचारता टाकलेल्या पोस्टखाली कुणी तरी "हा ग्रुप जाहिरातींसाठी नाही" लिहितं आणि मग लोणचं चांगलं असूनही पुढे कुणी बोलत नाही. पोस्ट एकदाच. दुसरी टाकायची तर "संपलं" सांगायला.

फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ, ट्यूबलाइटखाली नाही. एक फोटो लेबल वाचता येईल असा बरणीचा, एक पांढऱ्या ताटलीतल्या फोडीचा. फोड जवळून दिसली पाहिजे, बायका तीच बघतात.

मग मजकूर. "घरगुती चविष्ट लोणचं उपलब्ध, संपर्क करा" एवढ्यावर किमान दहा प्रश्न येतात आणि दहा वेळा तेच टाइप करावं लागतं. माझा असा असतो:

> कैरीचं लोणचं, राजापुरी, शेंगदाणा तेलातलं. मध्यम तिखट. 500 ग्रॅम काचेची बरणी, 250 रुपये. 12 मेची खेप, मुरलेलं आहे. एकूण 14 बरण्या. ऑर्डर ग्रुपवर घेत नाही, खालच्या लिंकवर दाबून मला वेगळा मेसेज करा. पैसे आले की बरणी तुमच्या नावाची. सोसायटीत शनिवारी संध्याकाळी 5 ते 7 घरून न्या. बाहेरगावी कुरियरचे पैसे वेगळे.

लिंक अशी बनते. 91 च्या पुढे तुमचा दहा आकडी नंबर, अधिकचं चिन्ह किंवा मोकळी जागा न सोडता:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=LONCHE-1205
```

दाबलं की तुमच्या चॅटमध्ये तो शब्द आधीच टाइप झालेला येतो. कुणाची मागणी कुठल्या पोस्टवरून आली ते कळतं आणि मागण्या वेळेच्या क्रमाने एकाखाली एक लागतात. पहिल्या वर्षीचं स्क्रोलिंग यानेच संपलं. तरीही ग्रुपवर कुणी "मला 2" लिहिलंच, तर तिथे "हो" म्हणायचं नाही. "काकू, तुम्हाला मेसेज केलाय" लिहा आणि खरंच करा.

नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी ब्रॉडकास्ट लिस्ट ठेवा. ग्रुपसारखे एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. एका लिस्टमध्ये 256 जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून पहिली बरणी देतानाच सांगा, "नंबर सेव्ह करा, पुढची खेप आली की कळवते."

> सावधान: पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय बरणीवर नाव लिहू नका. मला एका अनोळखी नंबरवरून "पंधरा बरण्या, लग्नाचं आहे" म्हणून स्क्रीनशॉट आला होता. खात्यात काही नव्हतं, आणि दहा मिनिटांत "चुकून जास्त गेले, परत करा" असा फोन. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगितलं की फोन ठेवा.

8. पाठवणं

सोसायटीतलं सोपं आहे, फक्त ठरलेल्या वेळेलाच द्या. नाहीतर दुपारी दोनला बेल वाजते.

बाहेरगावचं पार्सल सोमवार ते बुधवार पाठवा. शुक्रवारी दिलं की शनिवार-रविवार गोदामात तापत बसतं. झाकणावर चिकटपट्टीचा वेढा, बरणी जाड पिशवीत, तोंड बांधून, मग बबल रॅपचे तीन वेढे, मग पाच पदरी खोका. खोका हलवून कान लावा. आत काही हललं तर कागद कोंबा. दोन बरण्या असतील तर मध्ये पुठ्ठा हवाच, काच काचेवर आपटूनच फुटते. तेलाचा पदार्थ घेतात का, हे कुरियरवाल्याला आधी विचारा. काही घेत नाहीत, आणि लपवून पाठवलं तर फुटल्यावर भरपाईचं नावही काढता येत नाही.

9. तक्रार आली तर

येणारच. गेल्या वर्षी एका वहिनींचा मेसेज आला: "वर पांढरं आलंय, हे काय दिलंत?"

पहिलं उत्तर सबबीचं नको. "ओला चमचा घातला असेल" हे मनात आलं तरी लिहू नका. मी लिहिलं, "वहिनी, आता खाऊ नका. लेबलवरचा खेप क्रमांक आणि वरून एक फोटो पाठवा, मी बघते." क्रमांक आला. त्या खेपेची घरची बरणी उघडली, ती स्वच्छ होती. त्याच खेपेतल्या आणखी तिघींना विचारलं, त्यांचीही ठीक होती. म्हणजे खेप चांगली, अडचण त्या एका बरणीत. फोटोत फोडी तेलाच्या वर आलेल्या दिसत होत्या. नंतर त्यांनीच सांगितलं की तेल जास्त वाटलं म्हणून अर्धं वाटीत काढून भाजीला वापरलं होतं.

बरणी बदलून दिली. हिशेबात धरलेले दहा रुपये असल्या वेळेसाठीच असतात. आणि लेबलवर एक ओळ वाढवली: "वरचं तेल काढू नये, फोडी तेलात बुडलेल्या ठेवाव्यात."

घरची नमुन्याची बरणीही खराब निघाली असती तर काम वेगळं होतं. त्या पानावरच्या प्रत्येकीला त्याच दिवशी फोन, मेसेज नाही. बरण्या परत, पैसे परत, आणि त्या खेपेतलं तिखट किंवा तेल दुसऱ्या कुठल्या खेपेत गेलंय का, ते वहीत शोधायचं.